वाढ्याच्या भाऱ्यामागचे चार व्यवसाय

नोव्हेंबरात साखर कारखान्यांची धुराडी पेटली की जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर दोन गोष्टी वाढतात. एक, ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या. दुसरी, रस्त्याकडेला रचून ठेवलेले वाढ्याचे हिरवे भारे. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि दत्तात्रयनगरचा भीमाशंकर हे दोन्ही कारखाने सुरू असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ उन्हाळा लागेपर्यंत, या भागातल्या निम्म्याअधिक गोठ्यांत गाईपुढे मुख्य वैरण म्हणून वाढेच पडते. ते स्वस्त असते, हिरवे असते, दारात मिळते आणि गाय ते आवडीने खाते. पशुवैद्यक म्हणून या दोन तालुक्यांत काढलेल्या वर्षांत माझ्या रात्रीच्या झोपा सर्वांत जास्त कोणी मोडल्या असतील, तर या भाऱ्यांनी.

पशुवैद्यकीय, दुग्धव्यवसाय आणि पशुसंवर्धन या क्षेत्रांत काय करता येते हे बारावीच्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना सांगणारे हे पुस्तक आहे. अभ्यासक्रम, प्रवेश, परीक्षा यांची माहिती पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत मला वेगळे सांगायचे आहे. आपल्याकडे मुले पदवीचे नाव पाहून वाट धरतात आणि काम कशाचे असते ते नोकरी लागल्यावर कळते. मी उलट बाजूने येतो. एक गाय घेतो, तिच्या एका वेतापासून पुढच्या वेतापर्यंतचा काळ घेतो आणि त्या काळात तिला किती जणांचे हात लागतात ते दाखवतो. यातला प्रत्येक हात म्हणजे एक व्यवसाय आहे. कोणता हात आपला, हे वाचकाने ठरवावे.

गाय घोड नदीच्या काठच्या एका गावातली. डिंभे धरणाचे पाणी आल्यापासून तिथे ऊस आहे आणि उसामागे गोठे आहेत. होल्स्टिन संकर, चौथे वेत, मागच्या वेताला दिवसाला 22 लिटर दूध. जानेवारीतली रात्र. दोनच्या सुमारास फोन आला, "डॉक्टर, गाय संध्याकाळी व्याली, वासरू झ्याक आहे, पण आता उठंना. अंग गार पडलंय." एवढ्या वाक्यात अर्धे निदान झालेले असते. उरलेले अर्धे गोठ्यात जाऊन करायचे, आणि घाई करायची नाही.

गाय छातीवर बसली होती आणि मान वळवून डोके कुशीवर टेकवले होते. कान हाताला गार लागत होते, नाकपुडी कोरडी होती, बॅटरीचा उजेड टाकला तरी डोळ्याची बाहुली पुरती आकसत नव्हती. शेण थांबलेले, पोट किंचित फुगलेले. थर्मामीटरने 99 दाखवले. गाईचे रोजचे तापमान 101 ते 102 असते. या आजाराला दुग्धज्वर म्हणतात आणि नवशिक्याला पहिला दगा हे नावच देते, कारण यात ज्वर नसतो. उलट तापमान उतरते. ताप असता तर मी आधी कास पिळून पाहिली असती, कारण कासेचा विषारी दाहही व्यालेल्या गाईला असाच झोपवतो. तिथे कॅल्शियमची बाटली भरभर चढवली तर गाय हातची जाते. कास मऊ होती, चिकात गाठी नव्हत्या. मागचे दोन्ही पाय आणि खुबा चाचपून पाहिला, निखळलेले काही नव्हते.

झालेले असते ते असे. 10 लिटर चिकातून सुमारे 23 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. गाईच्या रक्तरसात एका वेळी फिरत असलेले कॅल्शियम मात्र 3 ग्रॅमच्या आसपास असते. व्यायल्या दिवसापासून हाडांतून आणि आतड्यांतून भराभर कॅल्शियम उचलून रक्तात आणावे लागते. ही उचल दोन-तीन दिवस उशिरा सुरू झाली की स्नायू काम सोडतात. आधी पाय, मग पोट, शेवटी हृदय.

औषध सोपे आहे: कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची 450 मिलिलिटरची बाटली, तिच्यात आठ-साडेआठ ग्रॅम कॅल्शियम. अवघड आहे ते देणे. बाटली अंगाच्या उबेला आणायची, मानेच्या शिरेत सुई नीट बसल्याची खात्री करायची आणि पंधरा-वीस मिनिटे घेऊन हळूहळू सोडायची. एका हातात बाटली, दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप डाव्या कोपरामागे. ठोके अडखळले की बाटली खाली करायची, थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. कॅल्शियम घाईने गेले तर हृदय थांबते. सुई शिरेबाहेर सरकली तर मानेवर सूज येते. त्या रात्री निम्मी बाटली गेल्यावर गाईच्या मागच्या मांड्यांवर थरथर उठली, नाकावर घामाचे थेंब आले, तिने ढेकर दिली आणि शेण टाकले. ही खूण औषध लागू पडल्याची. बाटली संपल्यावर अर्ध्या तासात ती उठून वासराला चाटू लागली.

घरच्यांना वाटले, काम झाले. पशुवैद्यकाचे खरे काम इथून पुढे होते. अशा गाईंपैकी काही दीड-दोन दिवसांत पुन्हा बसतात, म्हणून पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करायची नाही. पुन्हा बसलीच तर पाचटाचा जाड बिछाना घालायचा आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. फरशीवर एकाच कुशीवर सहा-आठ तास पडलेल्या गाईचे मांडीचे स्नायू स्वतःच्याच वजनाखाली मरतात, मग कितीही कॅल्शियम दिले तरी ती उठत नाही. एवढे सांगून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारला, "भाकड काळात काय खायला घालत होता?"

उत्तर ठरलेलेच होते. वैरण म्हणून वाढे. आणि वाढ्याने अंगातले कॅल्शियम कमी होते असे कुणीतरी सांगितले म्हणून गेले दीड महिना रोज पातळ कॅल्शियमची बाटली पाजली होती. ऐकीव ज्ञान अर्धे खरे असते, ते इथे दिसते. वाढ्यात ऑक्झालेट असते, ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला आतड्यातच धरून ठेवते. म्हणून हंगामभर वाढ्यावर असलेली दुभती गाय हाडांतून खर्च करत राहते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडून देतात ते याचसाठी, आणि नुसत्या वाढ्यावर गाय ठेवू नये असे सांगतात तेही याचसाठी. पण व्यायच्या आधी महिनाभर वरून कॅल्शियमचा मारा केला, तर हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारी गळ्यातली बारीकशी ग्रंथी आळसावते. बाहेरून फुकट मिळत असताना ती कशाला राबेल? मग व्यायल्या रात्री तिच्याकडे मागणी आली की ती झोपलेली असते. कॅल्शियम द्यायचे ते व्यायच्या वेळेला आणि नंतर. भाकडीत वाढे कमी करून कडबा किंवा मका घालायचा आणि भाकड गाईसाठीचे वेगळे खनिज मिश्रण द्यायचे. त्या घरात पुढच्या वर्षी फोन आला तो गाय सुखरूप व्याल्याचा.

पहिला व्यवसाय हा: खासगी पशुवैद्यक. यासाठी बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान, नीट परीक्षा आणि साडेपाच वर्षांची पशुवैद्यक पदवी लागते. शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे. महाराष्ट्रातली शासकीय महाविद्यालये नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. आपल्या भागाला जवळची दोन, मुंबईचे आणि साताऱ्यातले शिरवळचे. मुंबईचे 1886 सालचे आहे, शिरवळचे 1988 चे. पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्याने स्वतंत्रपणे उपचार करणे 1984 च्या केंद्रीय कायद्याला मान्य नाही.

या व्यवसायाचा हिशेब दवाखान्याच्या पाटीवरून कळत नाही, तो दुधाच्या बिलावरून कळतो. इथे दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी होतात, आणि डॉक्टरची उधारीही त्याच तारखांना वसूल होते. दुधाचा भाव पडला की आधी डॉक्टरचे बिल थकते, पेंडेचे नंतर. म्हणून नव्या पशुवैद्यकाने पहिल्या वर्षी गावे थोडी धरावीत आणि प्रत्येक गाईची नोंद ठेवावी. मोटारसायकलवर रोज ऐंशी-शंभर किलोमीटर फिरून पन्नास गावे सांभाळणारा बाटल्या लावतो. पंधरा गावे सांभाळणाऱ्याला भाकडीत काय घातले ते आधीच माहीत असते, म्हणून त्याला बाटली लावण्याची वेळच कमी येते. दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरला पैसे देणे शेतकऱ्याला अजून अंगवळणी पडलेले नाही, हेही खरे. पण पंधरा-वीस गाईंचे गोठे वाढू लागल्यापासून महिन्याला ठरावीक रक्कम देऊन गोठा डॉक्टरच्या हवाली करणारी माणसे भेटू लागली आहेत. या पेशाचा पुढचा काळ तिथे आहे.

याच गाईकडे पुन्हा येऊ. दुग्धज्वर झालेल्या गाईचे गर्भाशयही सुस्त असते. तिची वार अडकली. पूर्वी हात घालून वार ओढून काढण्याची पद्धत होती. तिने गर्भाशयाला इजा होते आणि ओढणाऱ्याला त्याहून मोठी. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू वारेतून माणसाच्या अंगात येतात आणि महिनोन्‌महिने येऊन-जाऊन ताप, सांधेदुखी देतात. माझ्या पिढीतल्या अनेक पशुवैद्यकांनी हा ताप भोगला आहे. खांद्यापर्यंतचे हातमोजे ही चैन समजू नये, एवढे मुलांना पहिल्या दिवशी सांगावे.

वार पडली, गर्भाशय सुधारले, पण गाय माजावर यायला उशीर झाला. इथे दुसरा हात येतो, कृत्रिम रेतन करणाऱ्याचा. महाराष्ट्रात ही सेवा दारापर्यंत नेण्यात मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळी कांचनला स्थापन केलेल्या 'बाएफ'चा वाटा मोठा आहे. आज शासन, दूध संघ, संस्था आणि स्वतंत्र रेतन कार्यकर्ते, सगळेच हे काम करतात. यासाठी पशुवैद्यक पदवीची गरज नाही. पदविका किंवा मान्यताप्राप्त प्रशिक्षण पुरते. त्यामुळे घरची शेती सांभाळून करता येण्यासारखा हा व्यवसाय आहे. पण सोपा दिसतो तेवढा नाही.

गाय दर 21 दिवसांनी माजावर येते आणि माज साधारण अर्धा दिवस टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्या या गाईला तीनदा भरवले आणि तीनदा उलटली. दोष वळूचा, असे घरचे ठरवून बसले होते. मी फक्त तारखा आणि वेळा लिहायला लावल्या. माज पहाटे पाच वाजता धारेच्या वेळी दिसायचा, फोन तेव्हाच व्हायचा आणि रेतन करणारा वाटेवरच्या गावाला जाता जाता सातलाच येऊन भरवून जायचा. वेळ शेतकऱ्याच्या किंवा रेतन करणाऱ्याच्या सोयीची होती, गाईची नव्हती. चौथ्या वेळी संध्याकाळी भरवली आणि दोन महिन्यांनी तपासणीत गाभण निघाली. एक माज वाया गेला तर काय जाते ते मांडून पाहा. दिवसाला 150 रुपयांचा चारा आणि पेंड धरली तरी 21 दिवसांचे 3,150 रुपये, तेही पुढचे वेत तितके लांबल्याचे नुकसान न धरता. तीन माजांचे साडेनऊ हजार होतात.

चांगला रेतन करणारा ओळखायचा कसा, तर त्याच्या नत्राच्या पिंपावरून. द्रव नत्राचे तापमान उणे 196 अंश असते. पिंपाच्या मानेवर बाहेरून हिव जमले असेल तर आतली निर्वात पोकळी गेली आहे, नत्र उडतो आहे आणि आतल्या रेतमात्रा मरत आहेत. तो पिंपात लाकडी पट्टी बुडवून पातळी बघतो का? रेतमात्रा 37 अंशांच्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट वितळवतो, की हाताच्या मुठीत चोळतो? आणि नळीवर छापलेला वळूचा क्रमांक गाईच्या नोंदीत लिहितो का? ही शेवटची सवय नसल्यामुळे गावोगाव बापाचेच रेत लेकीला गेले आहे आणि शेतकरी म्हणतो, संकर पिढीगणिक का घसरतो कळत नाही.

तिसरा हात सरकारी. गाईच्या कानात 12 आकड्यांचा पिवळा बिल्ला आहे. तो मारणारा, लाळ्या-खुरकताची लस टोचणारा, लम्पीच्या 2022 सालच्या साथीत दारोदार फिरून गोटपॉक्सची लस देणारा माणूस पशुवैद्यकीय दवाखान्याचा. बिल्ल्याची किंमत शेतकऱ्यांना 2024 साली कळली. राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिले आणि ते बिल्ला नसलेल्या गाईला मिळेना. मग बिल्ला मारायला आलेल्या ज्या माणसाला लोक दारातून परत पाठवत होते, त्याचीच रात्री दहा वाजता वाट पाहू लागले.

सरकारी सेवेत दोन पायऱ्यांवरून जाता येते. पदविकाधारक जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागतो. पदवीधर पशुधन विकास अधिकारी, गट अ होतो. त्याची निवड लोकसेवा आयोग करतो. 2025 साली आयोगाने या पदाच्या 2,795 जागांची जाहिरात एकदम काढली. एवढी मोठी भरती पाहून अनेकांना या क्षेत्रात नोकऱ्यांचा सुकाळ आला असे वाटले. माझे सांगणे असे, की भरती दरवर्षी होत नाही. मधली वर्षे कोरडी जातात आणि त्या वर्षांत अभ्यासिकेत बसून राहिलेल्या मुलाचा हात रुग्णावरून उतरतो. जाहिरातीची वाट पाहायची तर खासगी काम करत पाहावी. पदविकाधारकाला प्रथमोपचार, लसीकरण, रेतन यांसारख्या किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करता येतात. दवाखान्यात एकटाच असल्यामुळे त्याच्याकडून लोक सगळ्याचीच अपेक्षा करतात. शिरेतून कॅल्शियम देताना हृदय थांबले तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहत नाही, हे त्याने आणि लोकांनीही लक्षात ठेवावे. 1962 या क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पथकांमुळे ही अडचण थोडी सैल झाली आहे.

सरकारी पशुवैद्यकाच्या वाट्याला आपल्या भागात एक काम असे येते जे इतरत्र क्वचित येते. ते म्हणजे बिबट्याने मारलेल्या जनावराचे शवविच्छेदन. उसात बिबट्या राहतो, उसातच पिल्ले वाढवतो आणि ऊस तुटू लागला की गोठ्याकडे येतो. माणिकडोहला वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून बिबट्यांचे निवारा केंद्र चालवतात. बिबट्याला बेशुद्ध करून त्याच्यावर उपचार करणे हाही पशुवैद्यकाचाच पेशा आहे. पण अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मुलांना नेमके तेच काम हवे असते. त्यापेक्षा रोजचे काम पंचनाम्याचे. भरपाईसाठी जनावर बिबट्यानेच मारले, असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो.

एकदा एका वाडीवर मेलेल्या कालवडीच्या गळ्यावर दातांची चार भोके स्पष्ट होती. वाडीवरचे सगळे बिबट्या म्हणत होते, वनरक्षकाचा पंचनामा तयार होता. मी गळ्यावरची कातडी सोलली. जिवंतपणी चावा बसला असेल तर भोकांखालच्या मांसात काळपट रक्त साकळलेले दिसते, कारण हृदय चालू असते आणि फुटलेल्या नळ्यांतून रक्त मांसात मुरते. इथे भोकांखालचे मांस फिकट, कोरडे होते. चावा मेल्यानंतरचा होता. पोट उघडल्यावर फुगीचे कारण सापडले. कालवड रात्री पोटफुगीने मेली होती आणि बिबट्या नंतर आला होता. दाखला तसाच द्यावा लागला. मालक गरीब होता, माझ्या ओळखीचा होता, आणि पुढची दोन वर्षे त्याने मला हाक मारली नाही. सरकारी नोकरीचा विचार करणाऱ्याने पगारश्रेणीबरोबर ही दोन वर्षेही हिशेबात धरावीत.

चौथा हात दुधाचा. गाईचे दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जाते. तिथला मुलगा नमुना यंत्राखाली धरतो, पडद्यावर फॅट आणि एसएनएफ येते आणि त्यावर भाव ठरतो. भावाचा पाया 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ. त्याखाली गेले की पैसे कापले जातात. तिथून दूध थंड करणाऱ्या टाकीत 4 अंशांवर आणि पुढे कात्रजच्या जिल्हा दूध संघाला किंवा मंचरला. मंचरला 1992 साली सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सने आपल्या भागाला हे दाखवून दिले की दुधाचा धंदा पिशवीवर संपत नाही. चीज, तूप, पावडर, सगळे एसटी स्टँडपासून काही किलोमीटरवर बनते. दुग्धतंत्रज्ञानाची चार वर्षांची पदवी घेतलेली मुले तिथे लागतात. ही महाविद्यालये वरुडला, म्हणजे पुसदजवळ, आणि उदगीरला आहेत. प्रवेश सीईटीतून होतो, नीट लागत नाही. डॉक्टर होता आले नाही म्हणून हळहळणाऱ्या मुलांना ही वाट कुणी सांगतच नाही.

आणि या कामाचा गोठ्याशी संबंध किती जवळचा असतो पाहा. आपल्या गाईला दुग्धज्वरानंतर तीन आठवड्यांनी एका सडात दगडी झाली. सडात प्रतिजैविकाची नळी सोडली. नळीवर लिहिलेले असते की इतके दिवस दूध विकू नये. चार सडांपैकी एकाचेच तर औषध, असे म्हणून बाकी तीन सडांचे दूध केंद्रावर गेले. पण औषध रक्तातून सगळ्या कासेत पोहोचते. ते दूध हजारो लिटरच्या टाकीत मिसळले आणि टँकर कारखान्यावरून परत पाठवला गेला. चीज करताना दुधात विरजणाचे जिवाणू सोडतात. दुधात प्रतिजैविक असले की ते जिवाणू वाढत नाहीत आणि सगळे दूध बिघडते. म्हणून टँकर उतरवण्याआधी दहा मिनिटांत पट्टीवर चाचणी करणारा रसायनज्ञ हा त्या कारखान्यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो. त्याने टँकर परत पाठवला तेव्हा गावात त्याला शिव्या बसल्या. चूक गोठ्यात झाली होती, आणि नळी देताना दिवस मोजून न सांगणाऱ्या डॉक्टरचीही होती. तो डॉक्टर मीच होतो.

धंदा म्हणून या क्षेत्रात यायचे असेल तर मी गोठ्याआधी मुरघासाचे नाव घेईन. मका चिकात असताना, म्हणजे दाण्यात दुधाची रेषा अर्ध्यावर आली असताना कापायचा, बारीक कुट्टी करायची, हवा राहणार नाही अशी दाबून पिशवीत किंवा खड्ड्यात भरायची आणि दीड महिना बंद ठेवायची. उघडल्यावर पिवळसर रंग आणि आंबटगोड वास आला तर जमले. काळी पडली, बुरशी धरली किंवा कुजका वास आला तर हवा राहिली होती किंवा पाणी जास्त होते. ते गाईला घालायचे नाही, कितीही खर्च झाला असला तरी. ज्याच्याकडे कुट्टी यंत्र आणि पिशव्या भरायची यंत्रणा आहे तो उन्हाळाभर वीस-तीस गोठ्यांना वैरण पुरवतो. वाढ्यावरचा भार जेवढा कमी होईल तेवढे रात्रीचे फोन कमी होतील, म्हणून पशुवैद्यक म्हणूनही मला हा धंदा आवडतो.

गोठा काढणाऱ्यांना एक गणित सांगतो. दहा गाई घेतल्या म्हणजे दहा गाईंचे दूध रोज येईल असे मुले धरून चालतात. वर्षात प्रत्येक गाय दोन महिने भाकड असते. एखादी उलटलेली, एखादी आजारी. दहा गाईंत कोणत्याही दिवशी सात-आठ दुभत्या असल्या तर गोठा उत्तम चालला आहे असे समजावे. कर्जाचा हप्ता दहा गाईंच्या दुधावर बेतला तर तिसऱ्या वर्षी गाई बेल्ह्याच्या बाजारात दिसतात.

पुढच्या प्रकरणांत या चारही वाटांचे तपशील आहेत, शिवाय शेळीपालन, कुक्कुटपालन, औषध व खाद्य कंपन्यांतल्या नोकऱ्या आणि पुण्यासारख्या शहरातला पाळीव प्राण्यांचा दवाखाना हेही आहे. ते वाचण्याआधी एक काम करा. सुट्टीच्या चार-आठ दिवसांत जवळच्या दवाखान्यात, संकलन केंद्रावर आणि एखाद्या रेतन करणाऱ्याच्या गाडीवर मागे बसून फिरा. पहाटे पाचला धारेच्या वेळी गोठ्यात उभे राहा. शेणाचा वास, रात्रीचा फोन, उधारीची वही आणि दुभत्या गाईचा फुसकारा यांत कशाचा कंटाळा येतो आणि कशाचा येत नाही ते आठ दिवसांत कळते. मग कोणत्या परीक्षेचा अर्ज भरायचा हे ठरवणे अवघड जात नाही. आणि घरी गाय असेल, तर आज संध्याकाळी तिच्यापुढे काय पडले आहे तेवढे बघून या. वाढे असेल तर त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, मग पुढचे पान उलटा.